मूत्र दाट होण्याचा धडा थराथराने कसा वाचावा

प्रश्न: मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. फिजिऑलॉजीतला मूत्र दाट आणि पातळ होण्याचा सोळा पानांचा धडा तीन दिवस वाचते आहे. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते, महत्त्वाचे सगळे अधोरेखित करते, तरी दुसऱ्या दिवशी काही सांगता येत नाही. असा धडा कमी वेळात आणि लक्षात राहील असा कसा वाचायचा?

उत्तर: तुमची अडचण वाचण्याच्या वेगाची नाही आणि स्मरणशक्तीचीही नाही. पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली की प्रत्येक वाक्याचे वजन सारखेच वाटते, कारण धडा कुठे जाणार आहे हे आपल्याला अजून माहीत नसते. मग जे वाक्य कठीण दिसते त्याच्याखाली रेघ जाते आणि सोळा पाने संपेपर्यंत निम्मे पुस्तक रंगते. महत्त्वाचे काय हे कळण्याआधीच ते ठरवायचे, ही अधोरेखनाची खरी अडचण आहे. या विशिष्ट धड्यात ती अधिक जाणवते, कारण इथे पहिल्या पानावरील गोष्टीचे कारण आठव्या पानावर येते आणि मधली पाने त्या कारणाची तयारी करण्यात जातात.

मी बावीस वर्षे हा विषय शिकवतो आहे. मी सांगतो ती पद्धत माझी नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली ती एसक्यूथ्रीआर या नावाने मांडली: आधी धडा चाळायचा, मग प्रश्न तयार करायचे, मग वाचायचे, पुस्तक मिटून म्हणायचे आणि शेवटी उजळणी करायची. पुष्कळ विद्यार्थी ती यांत्रिकपणे करून सोडून देतात, म्हणून या एका धड्यावर ती प्रत्यक्ष कशी चालते तेच सविस्तर लिहितो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. परीक्षा उद्या असेल तर पुढचे बरेचसे बाजूला ठेवून थेट जुन्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात. तसेच ऑस्मोसिस, म्हणजे परासरण, हीच कल्पना कच्ची असेल तर या धड्यावर कोणतीही पद्धत चालणार नाही. ते ओळखायची खूण सोपी आहे: धडा चाळल्यावर एकही शंका मनात येत नसेल आणि प्रत्येक वाक्यात दोन शब्द अडत असतील, तर अकरावीच्या जीवशास्त्रातला उत्सर्जनाचा धडा आधी एका बैठकीत वाचून काढा. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका, तो वेळ पुढे भरून निघतो.

पहिला थर चाळण्याचा आहे आणि त्याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. परिच्छेद वाचायचेच नाहीत. फक्त मथळे, उपमथळे, आकृत्या, आकृत्यांखालच्या ओळी आणि आलेखांच्या अक्षांवर काय लिहिले आहे ते पाहायचे. पेन्सिल हातात असली तरी तिचा उपयोग रेघा मारायला करायचा नाही. कोणता आकडा पुन्हापुन्हा दिसतो, एवढेच एका कोऱ्या कागदावर टिपायचे. या धड्यात पंधरा मिनिटांत साधारण चार आकडे हाती येतात: ५०, १००, ३०० आणि १२००. हे सगळे मिलिऑस्मोल प्रति लिटर या एककात आहेत, म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांचा दाटपणा. रक्तद्रवाचा दाटपणा ३०० च्या आसपास असतो, अगदी पातळ मूत्राचा ५० पर्यंत उतरतो आणि अगदी दाट मूत्राचा १२०० ते १४०० पर्यंत चढतो.

आता हे आकडे मुख्य आकृतीत कुठे बसले आहेत ते पाहा. नेफ्रॉनच्या, म्हणजे मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकेच्या, आकृतीत हेन्लेच्या लूपमध्ये, म्हणजे तिच्या खाली उतरून वर वळणाऱ्या भागात, द्रव शिरतो तेव्हा तो ३०० असतो, तळाशी जाऊन १२०० होतो आणि वर परत येतो तेव्हा १०० होऊन बाहेर पडतो. म्हणजे लूपमधून बाहेर पडणारा द्रव आत आलेल्या द्रवापेक्षा पातळ असतो. ही विसंगती डोळ्यांत भरली तर चाळणे सार्थकी लागले, कारण सगळा धडा तिच्याभोवतीच फिरतो. तोंडी परीक्षेत निम्मी मुले ठामपणे सांगतात की मूत्र हेन्लेच्या लूपमध्ये दाट होते. त्यांनी धडा पूर्ण वाचलेला असतो, पण आकृतीतला बाहेर पडणारा १०० हा आकडा कधी पाहिलेलाच नसतो.

चाळतानाच अडणारे शब्द वेगळे लिहून काढा, पण दहाहून अधिक नाहीत. इंटरस्टिशियम, पर्मिएबल, व्हासा रेक्टा, मेड्युला, काउंटरकरंट एवढे पुरेत. त्यांचा अर्थ आताच पाहून घ्या, म्हणजे पुढे वाचताना शब्दकोशाकडे धावावे लागणार नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचा सर्वाधिक वेळ या धावपळीत जातो आणि दरवेळी वाक्याचा धागा तुटतो.

दुसरा थर प्रश्नांचा आहे. मथळ्यापुढे ‘म्हणजे काय’ जोडले की प्रश्न झाला, अशी समजूत असते. ‘काउंटरकरंट मल्टिप्लायर म्हणजे काय?’ या प्रश्नाला व्याख्या उत्तर म्हणून येते, ती दोन ओळींत पाठ होते आणि तुम्हाला धडा कळल्यासारखे वाटते. उपयोगाचा प्रश्न तो, ज्याचे उत्तर ‘कारण’ या शब्दाशिवाय देता येत नाही. असे प्रश्न चाळताना दिसलेल्या विसंगतीतूनच निघतात. या धड्यासाठी मी विद्यार्थ्यांना स्वतःचे प्रश्न लिहायला लावतो आणि बहुतेक वेळा ते फिरून या चारांवर येतात. शरीरात पाणी ओढणारा पंप कुठेच नाही, मग नलिकेतून पाणी बाहेर कसे जाते? लूपमधून बाहेर पडणारा द्रव पातळ असेल, तर लूपचा उपयोग तरी काय? ३०० चा दाटपणा वाढत १२०० पर्यंत कसा पोहोचतो? आणि मूत्रपिंडाच्या आतल्या भागातून, म्हणजे मेड्युलातून, रक्त सतत वाहत असते, मग तिथे साठलेले मीठ ते धुऊन का नेत नाही?

चौथा प्रश्न माझ्या मनात कायमचा बसला आहे. माझ्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच विचारला होता. व्हासा रेक्टाचे, म्हणजे मेड्युलातल्या रक्तवाहिन्यांचे, पूर्ण पान मी तीन रंगांनी रंगवले होते. पान डोळ्यांसमोर जसेच्या तसे दिसत होते, कोणता परिच्छेद हिरवा हेही आठवत होते, पण उत्तर येत नव्हते.

प्रश्न कागदाच्या डाव्या बाजूला लिहा आणि प्रत्येकाखाली पाच-सहा ओळींची जागा रिकामी सोडा. दहा मिनिटे पुरतात. शक्य असेल तर प्रत्येक प्रश्नाचे आपल्या अंदाजाने उत्तरही पेन्सिलीने लिहून ठेवा. अंदाज चुकला तर फारच चांगले, कारण चुकलेला अंदाज वाचताना खटकतो आणि खटकलेले विसरत नाही.

तिसरा थर प्रत्यक्ष वाचनाचा आहे आणि सगळा वेळ खरे तर इथेच जायला हवा. धडा पानांच्या क्रमाने वाचण्याचे बंधन नाही. एक प्रश्न घ्यायचा, त्याचे उत्तर ज्या दोन-तीन पानांत आहे ती वाचायची, पुस्तक मिटायचे, उत्तर मोठ्याने सांगायचे, पुन्हा उघडून चूक दुरुस्त करायची आणि मगच लिहायचे. आधी लिहिले तर हात पुस्तकातली वाक्ये उतरवतो आणि डोके विश्रांती घेते.

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे १२०० कसे होते यावर, हे करून पाहू. पुस्तकात याची पायऱ्यापायऱ्यांची आकृती असते आणि विद्यार्थी तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. ही आकृती नुसती पाहून कळत नाही, ती स्वतः काढावी लागते. कोऱ्या कागदावर तीन उभे रकाने काढा: डावीकडे लूपची उतरती फांदी, मध्ये भोवतालचे इंटरस्टिशियम, म्हणजे नलिकांमधली जागा, आणि उजवीकडे चढती फांदी. तिन्ही रकान्यांत वरपासून खालपर्यंत ३०० लिहा. आता नियम दोनच आहेत. चढती फांदी मीठ बाहेर फेकते पण पाणी सोडत नाही, आणि तिला आत व बाहेर यांच्यात साधारण २०० चाच फरक निर्माण करता येतो. उतरत्या फांदीतून मात्र पाणी सहज जाते, त्यामुळे तिच्यातला द्रव बाहेरच्याइतकाच दाट होतो.

पहिला नियम लावा: चढत्या फांदीत २०० आणि मध्ये ४०० होतील. दुसरा लावा: उतरत्या फांदीतही ४०० होतील. आता वरून ३०० चा नवा द्रव आला असे समजा. तो उतरत्या फांदीच्या वरच्या निम्म्या भागात बसेल आणि तिथला ४०० चा द्रव पुढे ढकलून वळणाकडे नेईल, म्हणजे चढत्या फांदीच्या खालच्या भागात आता ४०० आले. पुन्हा पंप चालू करा. वरच्या भागात मध्ये ३५० आणि चढत्या फांदीत १५० होतील, पण खालच्या भागात मध्ये ५०० आणि चढत्या फांदीत ३०० होतील. फरक दोन्हीकडे २०० चाच राहिला, तरी तळाचा दाटपणा वरच्यापेक्षा वाढला. हेच चक्र पुन्हापुन्हा चालले की तळाशी १२०० पर्यंत मजल जाते. पंपाची ताकद वाढत नाही, पण द्रव उलट दिशांनी वाहत असल्यामुळे त्याच ताकदीचे फळ साचत जाते. मल्टिप्लायर हे नाव त्यावरूनच पडले आहे.

हे आकडे पाठ करू नका, ते सोय म्हणून घेतलेले असतात. पण रकाने एकदा स्वतः भरले की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. लूप मूत्र दाट करत नाही, तो भोवतालचा मेड्युला खारट करतो. पुढे कलेक्टिंग डक्ट, म्हणजे मूत्र गोळा करणारी नलिका, त्या खारट भागातून खाली उतरते. एडीएच हे संप्रेरक असेल तर तिच्या भिंती पाणी सोडतात, पाणी खारटपणाकडे आपणहून जाते आणि मूत्र १२०० पर्यंत दाट होते. एडीएच नसेल तर भिंती बंद राहतात, पाणी आतच राहते आणि १०० चा पातळ द्रव आणखी थोडे मीठ गमावून ५० पर्यंत उतरतो. पाण्याला पंप लागतच नाही, मिठाच्या पंपानेच ते काम झालेले असते. अशा रीतीने चारपैकी तीन प्रश्न एका आकृतीत सुटतात. दाट धड्यात असे एखादे पान असतेच की ज्यावर एक तास घालवला तर बाकीची पाने लवकर वाचून होतात. चाळण्याचा मुख्य फायदा हाच की ते पान आधीच सापडते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. मेड्युलाकडे मूत्रपिंडातील एकूण रक्तप्रवाहाच्या पाच टक्क्यांहून कमी रक्त जाते आणि तेही केसाच्या आकड्यासारख्या वळलेल्या वाहिन्यांतून जाते. खाली उतरताना रक्तात मीठ शिरते आणि वर येताना बरेचसे परत बाहेर पडते. युरियाचे चक्र आणि विकारांची पाने मी पहिल्या फेरीत एकदाच वाचायला सांगतो आणि त्यांवर थांबू देत नाही. युरियाचा वाटा मोठा आहे, पण मिठाची गोष्ट पक्की होण्याआधी तो वाचला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात.

वाचन झाले का हे ठरवायला ‘कळले का?’ असे स्वतःला विचारून उपयोग नाही, कारण पुस्तक समोर असताना उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी एक गोष्ट बदलून पाहा. फ्युरोसेमाइड हे औषध चढत्या फांदीतला मिठाचा पंप बंद करते. मग मूत्र दाट होईल की पातळ? रकान्यांची आकृती ज्याच्या हाताखालून गेली आहे तो थोडा विचार करून सांगतो की मूत्रपिंडाच्या दोन्ही क्षमता जातील: मेड्युला खारट राहणार नाही म्हणून दाट करता येणार नाही, आणि लूपमधील द्रव १०० पर्यंत उतरणार नाही म्हणून पुरेसे पातळही करता येणार नाही. ज्याने नुसती व्याख्या पाठ केली आहे तो दोन्हींपैकी एक काहीतरी अंदाजाने सांगतो. उत्तर अडले तर सगळा धडा पुन्हा वाचायचा नाही, फक्त रकान्यांचे पान पुन्हा काढायचे.

चौथा थर सारांशाचा आहे आणि इथे मला थोडे सावध करायचे आहे. नुसता सारांश लिहिण्याने फार काही साधत नाही, विशेषतः तो पुस्तक उघडे ठेवून लिहिला असेल तर. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला देऊन एका गटाकडून पुन्हा वाचन आणि दुसऱ्याकडून न पाहता आठवण करवून घेतली. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवणारे पुढे गेले. तुम्हाला त्याच रात्री ‘येते’ असे वाटते आणि पुढे काही सांगता येत नाही, त्याचे कारण यात बऱ्याच अंशी आहे.

म्हणून सारांशही थरांनीच आणि पुस्तक मिटूनच करावा. त्याच दिवशी प्रत्येक प्रश्नाखाली दोन-तीन वाक्ये लिहा. दुसऱ्या दिवशी त्या वाक्यांकडे न पाहता एका पानावर एकच आकृती आणि तिच्याखाली पाच वाक्ये लिहा. तीन-चार दिवसांनी एकच वाक्य लिहा. या धड्यासाठी माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलेले वाक्य मला पसंत आहे: “लूप मेड्युला खारट करून ठेवतो आणि त्या खारटपणाचा उपयोग करायचा की नाही हे एडीएच ठरवते.” हे वाक्य पहिल्याच दिवशी तिला कोणी पाठ करायला दिले असते तर ते पोकळ राहिले असते. आता त्यातल्या प्रत्येक शब्दामागे तिने काढलेली आकृती आहे.

सारांश मराठीत लिहिला तर चालेल का, असे माध्यम बदललेले विद्यार्थी मला संकोचाने विचारतात. सारांशाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत तो मराठीतच लिहावा, संज्ञा मात्र पुस्तकातल्याच ठेवाव्यात. ‘असेंडिंग लिंब मीठ फेकते पण पाणी धरून ठेवते’ असे वाक्य जो लिहितो त्याला ते कळलेले असते. पुस्तकातले इंग्रजी वाक्य न कळताही उतरवता येते. परीक्षेतले उत्तर इंग्रजीत लिहिण्याचा सराव वेगळा करावा लागतो, पण तो कळल्यानंतरचा आहे आणि त्याला फार दिवस लागत नाहीत.

वेळेचा हिशेब थोडक्यात असा आहे. चाळायला पंधरा मिनिटे, प्रश्नांना दहा, वाचनाला दोन बैठकींत मिळून तीन तास आणि सारांशाच्या तीन फेऱ्यांना मिळून पाऊण तास. म्हणजे साधारण सव्वाचार तास, आणि तेही आठवडाभरात विभागून. पहिल्या धड्याला याहून अधिक लागेल, कारण प्रश्न लिहिण्याची सवय नसते. वेळ खरा वाचतो तो परीक्षेआधीच्या वाचनात, जेव्हा सोळा पानांऐवजी एक कागद पुरतो.

ही पद्धत सगळीकडे सारखी लागू होत नाही. शरीररचनाशास्त्रात, जिथे कोणत्या वाहिनीच्या पुढे काय आणि मागे काय हे लक्षात ठेवायचे असते, तिथे ‘का’चे प्रश्न फार कमी मिळतात. तिथे वाचनाची जागा चित्र काढण्याला आणि डिसेक्शन हॉलला द्यावी. बायोकेमिस्ट्रीतल्या चक्रांसाठी चाळणे आणि आठवणे उपयोगी पडते, पण प्रश्न दोनच पुरतात: हे चक्र कुठे अडवता येते आणि अडवले तर काय साचते.

शेवटी तुमच्यासाठी एक चाचणी देतो. आठवड्याने, पुस्तक न उघडता सोडवून पाहा. शरीराला रोज साधारण ६०० मिलिऑस्मोल टाकाऊ कण बाहेर टाकावे लागतात आणि मूत्र जास्तीत जास्त १२०० पर्यंत दाट होते असे धरले, तर दिवसाला किमान किती मूत्र तयार झालेच पाहिजे? उत्तर अर्धा लिटर येईल. आता समुद्रात भरकटलेल्या माणसाने १२०० दाटपणाचे एक लिटर समुद्राचे पाणी प्यायले असे समजा. त्याला ते १२०० आणि स्वतःचे ६०० मिळून १८०० मिलिऑस्मोल बाहेर टाकायचे आहेत, म्हणजे दीड लिटर मूत्र लागेल. एक लिटर पिऊन त्याने अर्धा लिटर पाणी गमावले. हे गणित तुम्हाला कोणाच्या मदतीशिवाय मांडता आले, तर याच कागदाच्या मागच्या बाजूला पुढच्या, म्हणजे आम्ल-अल्क संतुलनाच्या धड्याचे चार आकडे टिपायला सुरुवात करा.